बुवांच्या निरोपाचं भाषण

कोकणातल्या गावात असो वा मुंबईतल्या चाळीत, भजनी मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात कधीतरी तो दिवस येतोच. वर्षानुवर्षं पेटीवर बसलेले बुवा आता मुख्य गायकाची जागा सोडणार असतात. शाल-श्रीफळ आणलेलं असतं, आणि कुणाच्या तरी गळ्यात पडतं, ‘तू दोन शब्द बोल.’ ते दोन शब्द बहुतेक वेळा फसतात, आणि मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण बुवांना उद्देशून मंडळ एवढं एकदाच बोलतं.

फसतात ते विशेषणांमुळे. ‘भजनसम्राट’, ‘सुरांचे बादशहा’ हे कुठल्याही बुवांना लावता येतं. लिहून झाल्यावर नाव बदलून पाहावं. शेजारच्या गावच्या बुवांनाही ते भाषण चालत असेल, तर ते अजून लिहून झालेलं नाही. दुसरी चूक त्याहून बोचरी: ‘आता पूर्वीचा आवाज राहिला नाही’ हे बुवांच्या तोंडावर, कळवळ्याने का होईना, बोलणं.

मग बोलायचं काय? ते विचारायला पखवाजवाल्याकडे जावं. बुवांच्या शेजारी बसून त्यानं जे ऐकलेलं असतं, ते समोर बसलेल्या कुणीच ऐकलेलं नसतं. समजा, त्यानं सांगितलं की बुवा आधी पांढरी चारमध्ये गायचे आणि गेली काही वर्षं काळी एकमध्ये गातात. वय वाढलं की वरचे सूर आधी जड होतात आणि दमही कमी पडतो, म्हणून पट्टी उतरवावी लागते. पण पट्टी एकट्या गायकाची उतरत नाही. एकाच पखवाजाची शाईची बाजू एवढी खाली आणली तर पुडी सैल पडते, बोल बसका येतो. त्यासाठी मोठ्या तोंडाचा दुसरा पखवाज लागतो. मागे झील धरणाऱ्या पोरांनाही नव्या पट्टीची सवय करावी लागते. उतरलेल्या आवाजाची ही गोष्ट आदरानं सांगता येते, कारण तीत सगळं मंडळ येतं.

अशा माहितीवर बेतलेलं भाषण साधारण असं होईल:

“बुवा, मंडळी, रामकृष्ण हरी. आपल्याकडे आज दोन पखवाज आहेत. लहान आहे तो पांढरी चारचा. त्यावर बुवांनी आपल्याला गजर शिकवला. मोठा आहे तो काळी एकचा. पट्टी उतरवायची वेळ आली तेव्हा बुवांनी ती लपवली नाही. सगळ्यांना बसवून प्रत्येक चाल पुन्हा घोटून घेतली. त्यामुळे आपलं भजन एकही वर्ष थांबलं नाही. झील चुकली तर बुवा कधी थांबून ओरडले नाहीत, तीच ओळ परत घ्यायचे, सावकाश, आपण सापडेपर्यंत. आज पेटीवर त्यांचे शिष्य बसतील. बुवा, तुम्ही पहिल्या रांगेत बसा, आणि आम्ही चुकलो तर पहिल्यासारखीच ओळ परत घ्या. काकी, इतकी वर्षं रात्री उशिरापर्यंत तुम्ही बुवांची वाट पाहिलीत, तुम्हालाही आमचा नमस्कार.”

हे शांतपणे म्हटलं तरी दोन मिनिटांत संपतं, आणि तेवढंच पुरे. बुवांचं वय आणि आजार यांची इथे गरज नाही. सालं आणि नावं घालायची असतील तर ती आधी घरच्यांकडून तपासून घ्यावीत. भर मेळाव्यात बुवांनाच चूक दुरुस्त करावी लागली, तर सत्कार अवघडून जातो.

भाषणाची जागाही महत्त्वाची. भैरवीनंतर गाणं नसतं, म्हणून सत्कार शेवटी ठेवला तर बुवांना गावंसं वाटलं तरी वाट बंद होते. पखवाजाला कणीक लावून झाली आहे, गजर अजून सुरू व्हायचा आहे, ती वेळ धरावी. एक अभंग गाणार का, हे बुवांना आदल्या दिवशी घरी जाऊन विचारावं. सगळ्यांसमोर आग्रह केला तर त्यांना नाही म्हणता येत नाही. ते हो म्हणाले तर मोठा पखवाज तयार ठेवावा आणि अभंग त्यांनीच निवडावा.

बुवांची भजनाची वही नव्या गायकाच्या हाती देण्याची कल्पना बऱ्याच मंडळांना सुचते, आणि ती चांगलीच आहे. पण वहीत शब्द असतात, चाल नसते. कुठल्या शब्दावर झांज थांबते, कुठे लय वाढते, हे बुवांच्या गळ्यात आणि बोटांत असतं. तेव्हा भाषण लिहायला बसण्याआधी मोबाइल घेऊन बुवांच्या घरी जा, आणि त्यांच्या चाली एकेक करून ध्वनिमुद्रित करून घ्या.