निर्दोष इंग्रजीतले बोगस शोधनिबंध

शोधनिबंध छापून आला की बढती, पदवी किंवा अनुदान मिळते. ही गरज हेरून पैसे घेऊन निबंध तयार करून देणारे, लेखकांच्या यादीतली जागा विकणारे धंदे उभे राहिले. त्यांना ‘पेपर मिल’ म्हणतात. ‘हिंदावी’ या प्रकाशनसंस्थेला 2023 या एका वर्षात आठ हजारांहून अधिक निबंध मागे घ्यावे लागले.

पूर्वी हा माल भाषेवरून पकडता येई. चोरी लपवण्यासाठी यंत्राकडून शब्द बदलून घेतले जात, आणि ‘ब्रेस्ट कॅन्सर’चे ‘बूझम पेरिल’ होऊन बसे. फ्रान्समधील संगणकशास्त्रज्ञ गियोम कबानाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2021 मध्ये अशा विचित्र शब्दप्रयोगांवरून संशयित निबंध शोधून काढले. चॅटजीपीटीसारखी भाषा मॉडेल्स आल्यावर मात्र बोगस निबंधही स्वच्छ इंग्रजीत येऊ लागले.

त्यामुळे आता भाषेपेक्षा निबंधाचा साचा तपासावा लागतो. ब्रिटनमधील सरे विद्यापीठाचे मॅट स्पिक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 2025 मध्ये नेमके हेच केले. अमेरिकेतील ‘एनहेन्स’ या आरोग्य-पाहणीची माहिती कुणालाही फुकट मिळते. त्यातला एक घटक आणि एक आजार निवडायचा, त्यांचा संबंध जोडायचा, की निबंध तयार. अशा निबंधांची संख्या 2014 ते 2021 या काळात वर्षाला सरासरी चार होती. 2024 च्या पहिल्या नऊ-दहा महिन्यांतच ती 190 झाली. यातला प्रत्येक निबंध बनावट आहे किंवा यंत्राने लिहिला आहे, असे यावरून सिद्ध होत नाही. पण ही वाढ मॉडेल्सच्या प्रसाराच्या काळातली आहे, हे संशोधकांनी नोंदवले.

खोट कुठे होती? नैराश्याचा संबंध 28 वेगवेगळ्या घटकांशी जोडणारे निबंध त्यांनी एकत्र ठेवले. वीस निरर्थक संबंध तपासले, तर त्यांतला साधारण एक निव्वळ योगायोगानेही ‘अर्थपूर्ण’ दिसतो. या धोक्याचा हिशेब घालून पुन्हा गणित केल्यावर 28 पैकी 13 च संबंध टिकले. शिवाय काही निबंधांत ठराविक वर्षांची किंवा वयोगटांची माहितीच घेतली होती, आणि ती का निवडली याचे कारण दिले नव्हते.

म्हणून एकच घटक घेणारा निबंध आला, तर तो धोक्याची खूण समजावा आणि संपूर्ण माहिती का वापरली नाही हे विचारावे, असे त्यांनी संपादकांना सुचवले. याशिवाय एकच हस्तलिखित अनेक नियतकालिकांकडे गेले आहे का, चित्रे दुसरीकडून उचलली आहेत का, संदर्भयादीतले निबंध खरोखर अस्तित्वात आहेत का, हेही आता तपासले जाते. केवळ ‘हे यंत्राने लिहिले’ असा निर्वाळा देणाऱ्या सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवता येत नाही. इंग्रजी सुधारण्यासाठी मदत घेणारा प्रामाणिक संशोधकही त्यात अडकतो. एनहेन्सची माहिती सर्वांसाठी खुली असल्याने ते गणित पुन्हा करून पाहता आले. आकडेच रचलेले असतील आणि मूळ नोंदी मागितल्याच नाहीत, तर हा मार्गही बंद होतो.