बाईची कमाई, दिराचा हक्क

मृत्युपत्र न करता गेलेल्या हिंदू स्त्रीची संपत्ती १९५६च्या वारसा कायद्यानुसार आधी मुलांना व नवऱ्याला मिळते. तेही नसतील, तर आई-वडिलांच्या आधी नवऱ्याचे वारस उभे राहतात. संपत्ती जिथून आली तिथे परत जावी, असे याचे समर्थन होते. निपुत्रिक स्त्रीला माहेरून वारसाने मिळालेली मालमत्ता कलम १५(२) माहेरीच परत पाठवते, हे खरे. पण पगार कोणत्या घरून आला?

लग्नानंतर तीन महिन्यांत विधवा होऊन सासरहून घालवलेली एक स्त्री माहेरी शिकली, नोकरीला लागली. १९९६ साली ती वारली तेव्हा बँकेतली शिल्लक आणि भविष्य निर्वाह निधी आईने मागितला. सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये ते सारे नवऱ्याच्या भाच्यांना दिले. सहानुभूतीने कायदा बदलत नाही, म्हणून. (शिकवले कोणी, हा प्रश्न कलमात बसत नाही.)

‘मग मृत्युपत्र करावे,’ हे उत्तर बरोबर, पण अपुरे. मृत्युपत्र न करणाऱ्यांसाठीच तर हा क्रम आहे. शिवाय वडिलांनी बक्षीसपत्राने दिलेला फ्लॅट वारसाने आलेला ठरत नाही. तोही निपुत्रिक विधवेमागे दिराकडे जाऊ शकतो.