स्ट्रॉबेरी, द्राक्षं आणल्या आणल्या धुता? म्हणूनच दोन दिवसांत बुरशी येते!

लातूर/नांदेड : जानेवारी-फेब्रुवारीत लातूर आणि नांदेडच्या फळबाजारात महाबळेश्वरच्या स्ट्रॉबेरीचे बॉक्स दिसतात. सोबत सोलापूर, सांगली, नाशिककडची द्राक्षंही येतात. बहुतेक घरांत फळं आणली की आधी धुतली जातात आणि मग फ्रिजमध्ये जातात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मात्र स्ट्रॉबेरीवर राखाडी लव दिसते आणि द्राक्षं देठापाशी मऊ पडतात. असं का होतं?

बुरशी फ्रिजमध्ये तयार होत नाही

ही राखाडी बुरशी बहुतेक वेळा 'बोट्रायटिस' नावाची असते. तिचे डोळ्यांना न दिसणारे बीजाणू शेतातूनच फळावर बसून येतात. फळ कोरडं असेल तर ते नुसते पडून राहतात. काही तास ओलावा मिळाला की ते रुजतात आणि फळात शिरतात. ही बुरशी थंडीतही वाढते, फक्त सावकाश. त्यामुळे फ्रिज तिचा वेग कमी करतो, तिला थांबवत नाही.

फळं धुवून ठेवली की हा ओलावा आपणच देतो. स्ट्रॉबेरीला जाड साल नसते. शिवाय बियांचे खळगे आणि वरच्या हिरव्या टोपीखालची जागा लवकर सुकत नाही. भांड्यात बुडवून धुतल्यास एका खराब फळावरचे बीजाणू पाण्यातून बाकीच्या फळांवरही पोहोचतात.

द्राक्षांवर मेणाचा पातळ, पांढुरका थर असतो. तो द्राक्षातलं पाणी आत धरून ठेवतो. चोळून धुतल्यावर हा थर निघतो आणि द्राक्षं लवकर सुरकुततात. द्राक्ष पिकवणारे आणि भरणारेही पॅकिंगआधी घड धुवत नाहीत, याचं कारण हेच.

पांढरा थर मेणाचा की बुरशीचा?

मेणाचा थर सगळ्या मण्यांवर सारखा असतो आणि बोट फिरवलं की पुसला जातो. बुरशी ठिपक्यांत, बहुतेक देठापाशी किंवा तडकलेल्या मण्यावर दिसते. ती कापसासारखी असते आणि तिच्याखालचं फळ मऊ लागतं. थेंबांच्या आकाराचे सुकलेले डाग फवारणीचे असू शकतात.

समजा, स्ट्रॉबेरीचा २०० ग्रॅमचा बॉक्स आणला...

महाबळेश्वरहून लातूर तीनशेहून अधिक किलोमीटर आहे, नांदेड त्याच्याही पुढे. एवढ्या प्रवासात तळाची काही फळं दबलेली असतातच. म्हणून विकत घेतानाच बॉक्स उलटा करून तळ पाहा. तिथे रस पाझरलेला दिसला तर तो बॉक्स घेऊ नका.

घरी आल्यावर सगळी फळं ताटात काढा. बुरशी लागलेलं फळ पूर्ण टाकून द्या. नुसता खराब भाग कापून चालत नाही, कारण मऊ फळात बुरशी आतवर गेलेली असते. त्याला चिकटलेली आणि दबलेली, पण बुरशी नसलेली फळं धुवून त्याच दिवशी खा.

उरलेली फळं हिरव्या टोपीसकट ठेवा. टोपी काढली की तिथे जखम होते. डब्याच्या तळाशी कोरडा टिश्यू पेपर किंवा सुती कापड घाला, त्यावर फळांचा एकच थर लावा आणि झाकण किंचित उघडं ठेवा. अशी फळं साधारण तीन-चार दिवस टिकतात. कापड ओलसर लागलं तर बदला.

द्राक्षांचं काय?

द्राक्षं घडातच राहू द्या. मणी तोडला की देठाच्या जागी छिद्र पडतं आणि बुरशीला तिथून वाट मिळते. हवे तेवढे मणी छोट्या देठासह कात्रीने कापा. फुटलेले मणी काढून घड छिद्रांच्या पिशवीत ठेवा. कांदा-लसणाजवळ ठेवू नका, द्राक्षांना वास लागतो. घेताना देठ हिरवा असेल तर माल ताजा आहे, तपकिरी आणि वाळका असेल तर जुना. ताजे घड फ्रिजमध्ये आठवडाभर सहज राहतात.

आपल्याकडे मार्चपासून ऊन चढतं. तेव्हा थंड डबा सारखा बाहेर काढला की गरम हवेमुळे फळांवर पाण्याचे बारीक थेंब जमतात. न धुताही फळ ओलं होतं! म्हणून लागतील तेवढीच फळं काढा आणि डबा लगेच आत ठेवा.

मग धुवायचं कधी, कसं?

खायच्या आधी, पण नक्की धुवायचं. फळं पॅकिंगआधी धुतलेली नसल्याने माती, फवारणीचा अंश आणि हाताळणीतली घाण वर असतेच. फळं चाळणीत घेऊन वाहत्या नळाखाली हलक्या हाताने धुवा. साबण वापरू नका. स्ट्रॉबेरीची टोपी धुतल्यानंतरच काढा, नाहीतर पाणी आत शिरून चव पाणचट होते.

मुलांच्या डब्यात द्यायची असतील तर सकाळीच तेवढी धुवा, कापडावर पसरून कोरडी करा आणि मग डब्यात भरा. डब्यातून परत आलेली फळं पुन्हा फ्रिजमधल्या फळांत मिसळू नका.