कारखानदाराचे पैसे

नोव्हेंबरमधल्या एका रविवारी सकाळी शेजारची सून माझ्याकडे बँकेचं पासबुक आणि मोबाइल घेऊन आली. तिच्या सासऱ्यांची आणि माझी जुनी ओळख. ती दोन वर्षांपासून घरातल्या पुढच्या खोलीतून सोलापुरी टॉवेल ऑनलाइन विकते. अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका कारखानदाराकडून माल उचलते, घरी जोड्या लावते, पिशवीत भरते, लेबल चिकटवते आणि दुपारी कुरिअरच्या पोऱ्याच्या हवाली करते. त्या खोलीत गेलं की कोऱ्या टेरी टॉवेलचा वास येतो आणि लेबलाच्या छोट्या प्रिंटरवर सुताची तूस बसलेली दिसते.

"काका, विक्री चांगली आहे हो. मग पैसा जातो कुठं?" तिनं विचारलं. दिवाळी होऊन गेली होती. कारखानदाराचे बासष्ट हजार द्यायचे होते आणि खात्यात एकोणीस हजार होते.

मी तेहतीस वर्षं सुताच्या व्यापाऱ्याकडे कीर्द-खतावणी लिहिली. असा प्रश्न विचारणारी माणसं पेढीवरही येत. फरक एवढाच, की त्यांच्या हातात चिठ्ठ्यांचा गठ्ठा असायचा आणि हिच्याकडे एक्सेलची शीट होती. पासबुक उघडलं तर सगळं एकाच खात्यात. वर प्लॅटफॉर्मची जमा, खाली मुलाची शाळेची फी, मग टेपच्या रोलचे पैसे, मग किराणा, मग स्कूटीचा हप्ता, मग पुन्हा जमा. चालू महिन्यावरून काही कळेना, कारण त्यात मागच्या महिन्याचे पैसे येऊन मिसळलेले. म्हणून म्हटलं, पूर्ण संपलेला एखादा महिना घेऊ. ऑगस्ट घेतला.

पण महिन्याआधी एक जोडी मांडली. तिचा सर्वांत जास्त खपणारा माल म्हणजे दोन मोठ्या टॉवेलांचा संच, किंमत ३९९ रुपये. तिच्या मनात विक्री म्हणजे ३९९, नाहीतर खात्यात येतात ते २८८. दोन्ही चूक. ३९९मध्ये पाच टक्के जीएसटी आहे. तो काढला की १९ रुपये सरकारचे आणि ३८० ही तिची खरी विक्री. त्यातून प्लॅटफॉर्मचं कमिशन आणि वाहतूक मिळून ९२ रुपये कापले जातात, त्यावर अठरा टक्के जीएसटी म्हणजे १६ रुपये ५६ पैसे. शिवाय प्लॅटफॉर्म ३८०वर अर्धा टक्का टीसीएस आणि दशांश एक टक्का टीडीएस कापतो, म्हणजे १ रुपया ९० पैसे आणि ३८ पैसे. एवढं गेल्यावर उरतात २८८ रुपये १६ पैसे.

आता मालाची बाजू. संच तिला २१० रुपयांना पडतो, वर पाच टक्के जीएसटी साडेदहा रुपये. पिशवी, टेप, लेबल धरून पॅकिंग ९ रुपये. खात्यात आलेल्या पैशांतून हे वजा केलं तर हातात ५८ रुपये ६६ पैसे राहतात. वहीत मात्र वेगळा आकडा येतो. ३८० विक्री, वजा ९२, वजा २१०, वजा ९, बाकी ६९.

"हे १० रुपये ३४ पैसे कुठं गेले ओ?" तिनं लगेच पकडलं. मला बरं वाटलं, कारण नेमका हाच प्रश्न पडायला हवा. ते कुठं गेलेले नाहीत, तिच्या नावानं सरकारकडे पडून आहेत. तिनं ग्राहकाकडून १९ रुपये कर घेतला, पण स्वतः कमिशनवर आणि मालावर मिळून २७ रुपये ६ पैसे कर भरला. जादा भरलेले ८ रुपये ६ पैसे तिचं क्रेडिट आहे. टीसीएस जीएसटीच्या कॅश लेजरमध्ये जमा होतो आणि टीडीएस आयकराच्या वेळी वळता होतो. हे तिचं येणं आहे. त्याचं पान वेगळं काढलं नाही तर धंदा असतो त्याहून कमी मिळकतीचा वाटतो, आणि कर सल्लागारानं एखाद्या महिन्यात टीसीएसचा दावा करायचा राहून गेला तरी कुणाच्या लक्षात येत नाही.

याच जागी बरेच छोटे विक्रेते दुसरी मोठी चूक करतात. बँकेत आलेली रक्कमच विक्री म्हणून विवरणात लिहितात. प्लॅटफॉर्म मात्र दर महिन्याला सरकारला ३८०च्या हिशोबानं विक्री कळवत असतो. दोन आकडे जुळत नाहीत आणि नोटीस येते. म्हणून विक्रीचा आकडा सेटलमेंटच्या शीटमधूनच घ्यायचा. पासबुक फक्त पैसे पोचले की नाही हे पडताळायला.

मग ऑगस्ट. २४० संच गेले, ३० परत आले, २१० ग्राहकांकडे राहिले. २१० गुणिले ६९ म्हणजे १४,४९०. परत आलेल्या तिसांचं कमिशन प्लॅटफॉर्मनं सोडलं, पण परतीच्या वाहतुकीचे प्रत्येकी ८० रुपये लावले आणि पॅकिंगचे ९ वाया गेलेच. ते २,६७०. चार संच धुऊन परत पाठवलेले निघाले, पुन्हा विकण्याजोगे नव्हते. त्यांचे ८४०. उरले १०,९८०. यातून महिन्याचा खर्च. हाताखाली येणाऱ्या मुलीचे २,५००, प्लॅटफॉर्मवरच्या जाहिराती ३,०००, कर सल्लागाराचे १,०००, प्रिंटरचे रोल ३००, इंटरनेट-मोबाइलचा धंद्याचा वाटा ४००. बेरीज ७,२००. ऑगस्टची खरी कमाई ३,७८० रुपये.

ती गप्प झाली. तिच्या हिशोबानं ऑगस्टमध्ये अठरा हजार सुटले होते, आणि तो हिशोब कल्पनेतला नव्हता. महिन्याभरात प्लॅटफॉर्मकडून सुमारे ५७,७०० आले होते. त्यातून कारखानदाराला ३०,००० दिले, पॅकिंग आणि वरचा खर्च गेला, आणि अठरा हजारांच्या थोडे वर खरोखर हातात राहिले. ते घरात लागले. फी, किराणा, सासूबाईंची औषधं. उधळपट्टी कशातच नव्हती.

गोम त्या तीस हजारांत होती. कारखानदार तिला पंचेचाळीस दिवसांची उधारी देतो. ऑगस्टमध्ये तिनं फेडले ते जूनच्या मालाचे पैसे, आणि जूनचा खप कमी होता. ऑगस्टमध्ये विकलेल्या मालाचं बिल सत्तेचाळीस हजारांचं होतं, ते सप्टेंबरअखेर यायचं होतं. म्हणजे हातात राहिलेल्या अठरा हजारांतले सतरा हजार टॉवेलचे होते, अजून न मागितलेले. खप चढता असतो तोवर हे दिसत नाही. दर महिन्याला मागच्या, लहान महिन्याचं बिल आताच्या, मोठ्या महिन्याच्या पैशांतून फिटतं आणि मधली फट घर भरत राहते. दिवाळीनंतर खप उतरला आणि तेच चाक उलटं फिरलं. आता मोठ्या महिन्याचं बिल लहान महिन्याच्या पैशांतून भागवायचं होतं. सुताच्या धंद्यात मी चांगली चालती दुकानं अशीच बसलेली पाहिली आहेत, आणि बसण्याआधीच्या वर्षी त्यांची विक्री सर्वांत जास्त होती.

तिनं दोन बांगड्या बँकेत ठेवून कारखानदाराचं देणं भागवलं. वहीत ते लिहायची वेळ आली तेव्हा आमचा थोडा वाद झाला. ती म्हणाली, "कर्ज धंद्यासाठी काढलं, तर व्याज धंद्याचा खर्च की." मी म्हटलं, नाही. धंद्याकडे टॉवेलचे पैसे आले होते, ते घरानं वापरले आणि ती जागा भरायला कर्ज काढलं. व्याज घराच्या नावे. धंद्याच्या माथी मारलं तर टॉवेल महाग पडतो असं दिसेल आणि ती किंमत वाढवत बसेल, जेव्हा किमतीत खोट नाही. तिला हे पटायला दोन दिवस लागले. मग तिनं स्वतःच ती नोंद खोडून उचलीच्या पानावर नेली.

उचल हा शब्द तिला नवा होता. मालकानं स्वतःसाठी काढलेले पैसे म्हणजे उचल. तो खर्च नव्हे, नफ्यातून ती वजा होत नाही; भांडवलातून होते. याची उलट बाजू म्हणजे पदरमोड. कुरिअरच्या पोऱ्याला तिनं पर्समधून दोनशे दिले, तर ते घरातून धंद्यात आलेलं भांडवल. तिनं आजवर पदरमोड कधीच लिहिली नव्हती, आणि बायकांच्या घरगुती धंद्यात ती हटकून राहून जाते, कारण ती रक्कम वीस-पन्नासच्या नोटांत जाते.

डिसेंबरमध्ये तिनं धंद्याचं चालू खातं उघडलं. जीएसटीचं आणि उद्यमचं प्रमाणपत्र होतंच. प्लॅटफॉर्मवर नवा खाते क्रमांक दिला, यूपीआयचा क्यूआर कोडही त्याच खात्याचा. त्या खात्यातून किराणा द्यायचा नाही, एकदाही नाही. दर महिन्याच्या ५ तारखेला मागच्या महिन्याची कमाई वहीत काढायची आणि तिच्या आतली ठरीव रक्कम एका नोंदीत घरच्या खात्यात पाठवायची. सुरुवात तीन हजारांवर झाली. घरी सांगणं जड गेलं. अठरा हजारांची सवय असलेल्या घराला तीन हजार म्हणजे धंदा बुडाल्यासारखं वाटलं. तिनं वही सासूबाईंपुढे ठेवली आणि एका संचाचा हिशोब त्यांना वाचून दाखवला.

विजेच्या बिलाचं काय, हे अजून सुटलेलं नाही. मीटर एकच आहे. सध्या त्या खोलीतला पंखा, ट्यूब आणि प्रिंटर धरून महिन्याला दीडशे रुपये आम्ही धंद्याच्या नावे लिहितो. आकडा अंदाजाचाच आहे, पण दर महिन्याला तोच ठेवायचा, सोयीनं वाढवायचा नाही.

एक काम मात्र तिला आवडीचं झालं आहे. आठवड्याची सेटलमेंट सोमवारी येते. त्या दिवशी ती रजिस्टर काढते आणि प्रत्येक ऑर्डर क्रमांकापुढे मिळालेली रक्कम आणि तारीख लिहिते. महिना उलटूनही ज्या क्रमांकापुढची जागा कोरी राहते, त्याभोवती लाल गोल. पहिल्याच फेरीत अकरा गोल निघाले. त्यांतले सात 'परत पोचले' असं दाखवत होते आणि माल घरी आलेलाच नव्हता. दाव्याची मुदत पाच ऑर्डरींची उलटून गेली होती, उरलेल्या दोन ऑर्डरींचे पैसे मिळाले.

रजिस्टर झालं की ती त्या शीटमधले नग मोजते, २२० रुपये ५० पैशांनी गुणते आणि तेवढी रक्कम त्याच दुपारी कारखानदाराला पाठवते. उधारी आहे म्हणून थांबत नाही. खात्यात जे राहतं त्याच्याकडे बघून मगच पॅकिंग, मुलीचा पगार, जाहिरात. जाहिरातीचे तीन हजार तिनं याच नजरेनं दीड हजारांवर आणले.

मार्चमध्ये कारखानदारानं आपणहून विचारलं, तुम्ही आठवड्याला देताय तर रोखीची सूट लावू का. दोन टक्के. संचामागे ४ रुपये २० पैसे. तिनं घरी येऊन वही उघडली, २१०चे २०५ रुपये ८० पैसे केले, आणि ६९च्या खाली पेन्सिलीनं ७३ रुपये २० पैसे लिहून मला दाखवायला आणलं.