वायपर अर्ध्या काचेवर का थांबतो?

पावसाळा तोंडावर आला की ऑटो इलेक्ट्रिशियनकडे एक तक्रार हमखास येते. वायपर हळू वेगात नीट चालतो, जलद वेगातही चालतो, पण बंद केला की खाली जागेवर जाऊन बसत नाही. हात असेल तिथेच, अगदी ड्रायव्हरच्या डोळ्यांसमोर, उभा राहतो. अशा वेळी ‘मोटर गेली’ म्हणून नवी बसवून घेण्याची घाई करू नये. दोन्ही वेगांत फिरणारी मोटर गेलेली नसते. बिघड दुसरीकडे असतो आणि तो कुठे आहे, हे गाडी खोलण्याआधीच कळू शकते.

बंद केलेला वायपर खाली येतो, कारण आपण दांडी बंदवर नेली तरी मोटरचा वीजपुरवठा लगेच तुटत नाही. मोटरच्या गिअरबॉक्समध्ये एक चाक असते. त्यावर तांब्याची चकती बसवलेली असते आणि चकतीला एका जागी खाच असते. चकतीवर पितळी पट्ट्या घासत राहतात. वायपर वाटेत असेपर्यंत या पट्ट्यांतून बारा व्होल्ट बाहेर येतात, स्टेअरिंगखालच्या कॉम्बिनेशन स्विचपर्यंत जातात आणि स्विच बंदवर असताना तिथूनच हळू वेगाच्या तारेने मोटरकडे परततात. मोटर स्वतःच स्वतःला वीज पुरवत खाली येते. खाच आली की हा पुरवठा तुटतो आणि तीच तार अर्थला जोडली जाते. त्यामुळे मोटरला ब्रेक लागतो व हात नेमका जागेवर थांबतो. बहुतेक जुन्या, साध्या गाड्यांत रचना अशीच असते.

वायपर कसा चुकतो, हे पाहिले की निम्मे निदान तिथेच होते. बंद करताच तो जिथल्या तिथे थांबत असेल, तर परतीचा हा पुरवठा कुठेतरी तुटला आहे. जागेवर येऊनही थांबत नसेल आणि पुन्हा वर जात असेल, तर पुरवठा तुटत नाही किंवा अर्थचा ब्रेक लागत नाही. थांबतो रोज एकाच, पण चुकीच्या ठिकाणी? मग विजेचा संबंधच नाही. हात किंवा मोटरची क्रँक दात्यांवर सरकली आहे. आणि चालू असतानाच धापा टाकत थांबत असेल, तर लिंकेज मोकळी करून हाताने हलवून पाहावी. गंजलेल्या स्पिंडलमुळे मोटर तापते आणि तिच्यातले संरक्षण तिला बंद करते.

आता पहिली तक्रार तपासू. दहा-बारा वर्षांची एक हॅचबॅक आहे. वायपर दोन्ही वेगांत चालतो, बंद करताच तिथेच थांबतो. थांबून थांबून चालण्याच्या सेटिंगवर तर नुसता हिसका देतो. हे लक्षणही त्याच दोषाकडे बोट दाखवते, कारण त्या सेटिंगमध्ये टायमर मोटरला फक्त जागेवरून हलवतो, उरलेली फेरी चकतीच पुरी करते. वायपर काचेच्या मध्यावर असताना दांडी बंद करायची, इग्निशन चालूच ठेवायचे आणि मोटरचा कनेक्टर न काढता त्याच्या मागच्या बाजूने मल्टिमीटर लावायचा. बोटे लिंकेजपासून लांब ठेवावीत. ती अचानक फिरली तर बोट चेमटते.

आधी मोटरकडे कायम येणारे बारा व्होल्ट आहेत का पाहायचे. नसतील तर फ्यूज, रिले किंवा तार शोधावी. ते असतील, तर चकतीकडून बाहेर जाणारी तार पाहायची. तिथे व्होल्टेज आहे, पण हळू वेगाच्या तारेवर परत येत नाही, म्हणजे दोष कॉम्बिनेशन स्विचमध्ये किंवा मधल्या तारेत. या गाडीत मात्र पुरवठा येत होता आणि बाहेर काहीच जात नव्हते. दोष मोटरच्या झाकणाखाली होता.

झाकण काढले की आत बहुधा वाळून घट्ट झालेले ग्रीस आणि काळी पडलेली चकती दिसते. जुने ग्रीस पुसून, कॉन्टॅक्ट क्लीनरने धुऊन, बारीक पॉलिश पेपर हलक्या हाताने फिरवावा. पट्ट्या सैल वाटल्या तर किंचित वाकवाव्यात. चकतीत खोल चर पडली असेल, तर मात्र हा उपाय फार टिकत नाही. मग मोटर बदलणेच बरे. क्रँक काढायचीच असेल, तर आधी तिच्या जागेची खूण करून घ्यावी.

जोडणी करताना बरेच जण घाईने वायपरचे हात आधीच बसवतात. तसे करू नये. मोटर जोडून, एकदा चालवून बंद करावी आणि ती आपल्या जागेवर थांबू द्यावी. मगच हात काचेच्या खालच्या कडेला लावून नट आवळावेत.

नव्या गाड्यांत हे सगळे जसेच्या तसे चालत नाही. तिथे दांडी फक्त इशारा देते, मोटर चालवते ती इलेक्ट्रॉनिक युनिट. अशा गाडीत स्कॅनर असलेल्या वर्कशॉपलाच गाठावे.