पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी (पोस्टग्रेएसक्यूएल)

पॉइंट-इन-टाइम रिकव्हरी म्हणजे डेटाबेस बिघडण्यापूर्वीच्या एखाद्या निवडलेल्या क्षणी जसा होता, तसा पुन्हा उभा करण्याची पद्धत होय. रोज रात्री घेतलेल्या बॅकअपमधून केवळ त्या रात्रीची स्थिती परत मिळते. या पद्धतीने सकाळी ११ वाजून ४१ मिनिटांची स्थितीही मिळू शकते. येथे पोस्टग्रेएसक्यूएल या मुक्त डेटाबेस प्रणालीच्या आधारे तिचे वर्णन केले आहे.

## कार्यपद्धती

पोस्टग्रेएसक्यूएल प्रत्येक बदल मूळ फायलींमध्ये उतरवण्याआधी एका लॉगमध्ये लिहिते. या लॉगला राइट-अहेड लॉग म्हणतात. व्यापाऱ्याच्या रोजकीर्दीप्रमाणे त्यात नोंदी घडलेल्या क्रमानेच येतात. हा लॉग साधारणपणे १६ मेगाबाइटच्या तुकड्यांत विभागलेला असतो. एखादा तुकडा भरला की `archive_command` मध्ये दिलेली आज्ञा तो दुसऱ्या सुरक्षित ठिकाणी नेऊन ठेवते.

पुनर्स्थापनेसाठी सर्व फायलींची एक पूर्ण प्रत, म्हणजे बेस बॅकअप, आणि त्यानंतरचे लॉगचे सर्व तुकडे लागतात. प्रत जागेवर ठेवून लॉगमधील नोंदी तिच्यावर पुन्हा घडवल्या जातात व ठरलेल्या क्षणी थांबवल्या जातात. मधला एक तुकडा जरी हरवला, तरी त्यापुढे जाता येत नाही. नंतरचे शेकडो तुकडे शाबूत असले तरी ते निरुपयोगी ठरतात.

## उदाहरण

एका दुकानाच्या डेटाबेसचा बेस बॅकअप रविवारी पहाटे २ वाजता घेतला जातो, असे मानू. बुधवार, १२ मार्च २०२५ रोजी सकाळी ११:४२ वाजता कोणी `WHERE` न लिहिता `DELETE` चालवून ग्राहकांची सारणी रिकामी केली. अशा वेळी रविवारची प्रत वेगळ्या यंत्रावर ठेवून, `recovery.signal` नावाची रिकामी फाइल तयार करून पुढील मांडणी केली जाते :

```
restore_command = 'cp /backup/wal/%f %p'
recovery_target_time = '2025-03-12 11:41:50+05:30'
recovery_target_action = 'pause'
```

वेळेपुढील `+05:30` वगळल्यास सर्व्हरचा कालविभाग गृहीत धरला जातो आणि साडेपाच तासांची चूक होऊ शकते. `pause` मुळे डेटाबेस त्या क्षणी वाचनापुरता उघडा राहतो. सारणी भरलेली दिसली, तरच पुढचे पाऊल टाकावे. वेगळे यंत्र वापरण्याचे कारण असे, की मूळ डेटाबेसच मागे नेला तर ११:४२ नंतर आलेल्या ऑर्डरीही नाहीशा होतील. म्हणून बहुधा फक्त गमावलेली सारणी काढून मूळ ठिकाणी परत भरली जाते.

## नियोजनातील त्रुटी

रहदारी कमी असताना १६ मेगाबाइटचा तुकडा भरायला कित्येक तास लागू शकतात. तोवर त्यातील नोंदी फक्त मूळ यंत्रावर असतात. `archive_timeout` पाच मिनिटांवर ठेवल्यास अपुरा तुकडाही पुढे पाठवला जातो. मात्र दिवसाला जास्तीत जास्त २८८ तुकडे, म्हणजे सुमारे साडेचार गिगाबाइट जागा लागते.

`archive_command` अयशस्वी झाल्यास तुकडे मूळ यंत्रावरच साठत जातात आणि अखेर डिस्क भरून सर्व्हर बंद पडतो. `pg_stat_archiver` मधील `failed_count` वाढत असल्यास हे आधीच कळते. याहून वाईट म्हणजे, तुकडा न साठवताही यश कळवणारी आज्ञा. तिच्यामुळे लॉगमध्ये पडलेली पोकळी पुनर्स्थापनेच्या दिवसापर्यंत दिसत नाही.

प्रतिकृती-सर्व्हर हा बॅकअपचा पर्याय नव्हे, कारण चुकीचा `DELETE` काही क्षणांत तेथेही पोहोचतो.

## गिटलॅबची घटना

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या संकेतस्थळाच्या एका अभियंत्याने प्रतिकृतीऐवजी मुख्य सर्व्हरवरील सुमारे ३०० गिगाबाइट फायली पुसल्या. रोजचे बॅकअप शोधले असता तेथे काहीच आढळले नाही. डेटाबेस ९.६ आवृत्तीचा होता, तर बॅकअप घेणारे `pg_dump` ९.२ आवृत्तीचे असल्यामुळे प्रत्येक वेळी अयशस्वी होत होते. अपयश कळवणारे ई-मेलही नाकारले जात होते. एका अभियंत्याने चाचणीच्या कामासाठी सुमारे सहा तास आधी हाताने घेतलेला स्नॅपशॉट योगायोगाने हाती होता. त्यातून डेटाबेस उभा करण्यात आला. मधल्या काळातील अंदाजे ५,००० प्रकल्प, ५,००० टिप्पण्या आणि ७०० नवी खाती यांना झळ बसली. चाचणीच्या यंत्राच्या डिस्क संथ असल्याने प्रत परत आणण्यासही बराच वेळ गेला.

## पुनर्स्थापनेचा सराव

सरावात बॅकअप कोऱ्या यंत्रावर, शक्यतो ज्याने तो उभारला नाही अशा व्यक्तीने, केवळ लेखी सूचनांवरून पुनर्स्थापित करावयाचा असतो. घड्याळ लावणे आवश्यक असते. ५०० गिगाबाइटची प्रत सेकंदाला १०० मेगाबाइट वेगाने आणण्यासच जवळपास ८३ मिनिटे लागतात. त्यात लॉग पुन्हा घडवण्याचा वेळ मिळवावा लागतो आणि तो बेस बॅकअप जितका जुना तितका वाढतो. सेवा दोन तासांत सुरू होणे अपेक्षित असेल आणि सरावात पाच तास लागले, तर बेस बॅकअप अधिक वारंवार घ्यावा किंवा वेगवान साठवण वापरावी. सर्व्हर सुरू झाला एवढ्यावर सराव यशस्वी मानला जात नाही. निवडलेल्या क्षणाआधीची शेवटची ऑर्डर सापडते का आणि त्यानंतरची नाही ना, हे प्रत्यक्ष शोधून पाहिले जाते.