समुपदेशनाचे पहिले सत्र आणि समुपदेशकाची निवड

समुपदेशनाचे पहिले सत्र साधारणतः 45 ते 60 मिनिटांचे असते. त्यात उपचारापेक्षा आकलनाला अधिक वेळ दिला जातो, म्हणून त्यास प्रारंभिक मुलाखत असेही म्हणतात.

आरंभी समुपदेशक शुल्क, भेटीच्या वेळा आणि गोपनीयता यांविषयी बोलून संमती घेतो. मानसिक आरोग्य सेवा अधिनियम, 2017 ने रुग्णाची माहिती गुप्त राखण्याचे बंधन आरोग्यव्यावसायिकांवर घातले आहे. मात्र कोणाच्या जीवितास धोका असल्यास गोपनीयतेला अपवाद करता येतो. बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती मिळाल्यास पोक्सो कायदा, 2012 नुसार ती पोलिसांना कळवावीच लागते.

त्यानंतर समस्येचा इतिहास जाणून घेतला जातो. समजा, बँकेत नोकरी करणाऱ्या एका स्त्रीला दोन महिन्यांपासून पहाटे तीनला जाग येते आणि छातीत धडधडते. हे केव्हा सुरू झाले, त्या सुमारास काय घडले, भूक कशी आहे, कोणती औषधे चालू आहेत, असे प्रश्न तिला विचारले जातात. त्रासाचा आरंभ नव्या शाखेतील बदलीपासून झाला, हे तेव्हा तिच्याच ध्यानात येते. जीव नकोसा होतो का, हेही स्पष्टपणे विचारतात. या प्रश्नाने तसा विचार मनात रुजत नाही, उलट बोलण्यास वाट मिळते. थायरॉइडच्या विकारातही धडधड होत असल्याने तिला रक्ततपासणी सुचवली जाते. सत्राच्या शेवटी आठवडाभर झोपेची नोंद ठेवण्याचे ठरते.

निवड करताना प्रथम पात्रता पाहावी. मनोविकारतज्ज्ञ हा वैद्यकीय पदवीधर असून औषधे देऊ शकतो. चिकित्सालयीन मानसशास्त्रज्ञाची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषदेकडे असते. ‘समुपदेशक’ हे बिरुद मात्र अल्प मुदतीचे प्रशिक्षण घेतलेली व्यक्तीही लावताना आढळते. म्हणून पदवी, प्रत्यक्ष प्रशिक्षण आणि आपल्यासारख्या समस्येचा अनुभव यांविषयी निःसंकोच विचारावे.

दुसरा निकष मोकळेपणाचा. एडवर्ड बोर्डिन या मानसशास्त्रज्ञाने 1979 मध्ये उपचारातील सहकार्याचे तीन घटक मांडले: उद्दिष्टांविषयी एकमत, कार्यपद्धतीविषयी एकमत आणि परस्परविश्वासाचा बंध. पहिल्या भेटीनंतर हेच तीन घटक तपासावेत. वरील उदाहरणात समुपदेशकाने बदलीचा ताण ऐकून न घेता ‘लग्न केलंत की सगळं ठीक होईल’ असे सांगितले, तर तेथे उद्दिष्टच तिचे राहिले नाही. याउलट दुःखद प्रसंग सांगताना रडू येणे अथवा थकवा वाटणे हा विषयाचा परिणाम असतो. त्यावरून समुपदेशक अयोग्य ठरत नाही.

अपमान अथवा गोपनीयतेचा भंग झाल्यास तत्काळ थांबावे. अन्यथा दोन-तीन सत्रे होऊ द्यावीत आणि अवघडलेपण समुपदेशकालाच सांगून पाहावे. ते ऐकून तो पद्धत बदलतो की स्वतःचे समर्थन करत राहतो, यावरून निर्णय सुकर होतो. बदल करायचा ठरल्यास त्याच्याकडूनच दुसऱ्या तज्ज्ञाचे नाव व आजवरच्या सत्रांची संक्षिप्त नोंद मागावी, म्हणजे सारी हकिगत पुन्हा मुळापासून सांगावी लागत नाही.